मदत हवी आहे: फायनल ०-७ हरल्यावर मुलांशी काय बोलू?

शाळेच्या १४ वर्षांखालील फुटबॉल संघाचा मी कोच. काल फायनल ०-७ हरलो. मध्यंतराला ०-२ होतं. मीच बचावफळीला पुढे सरकायला सांगितलं, मागे मैदान मोकळं पडलं आणि पाच गोल झाले. मुलं मात्र गोलकीपरला दोष देताहेत.

सामन्यानंतर फक्त "पाणी प्या, समोरच्यांशी हात मिळवा" एवढंच बोललो. रडणाऱ्या मुलांपुढे विश्लेषण नको वाटलं. "चांगलं खेळलात" म्हणून पाहिलं, तर कॅप्टनने मानच फिरवली.

उद्या सरावाआधी पाच मिनिटं आहेत, पालक नसतील. डावपेचाची चूक माझी हे सगळ्यांसमोर सांगणारच आहे. पण तेव्हा गोलकीपरचं नाव घ्यावं, की त्याच्याशी आधी एकट्याने बोलून गटात विषयच टाळावा?