सोयाबीनचा एकरी हिशोब

> "पट्टीवर ३८,३०० आले, रोख खर्च १८,५००. पेरा ३० गुंठे, बी घरचं. एकरी नफा किती?"

हमाली-तोलाई कापून हातात आलेली रक्कम धरलीत, हे बरोबर. पण खिशातून न गेलेले पैसेही खर्चच असतात. घरचं २२ किलो बी विकलं असतं तर किलोला ६० रुपये आले असते, म्हणजे १,३२० धरा. भांगलण आणि काढणीला घरच्यांचे १४ रोज लागले असतील, तर ४०० रुपयांनी ५,६०० होतात. आमच्या मिरजेकडं हे कुणी लिहीतच नाही, आणि मग पीक परवडलं असं वाटतं.

पाण्याचं बिल पाळ्यांवर वाटा. मोटारीचं बिल नि दुरुस्ती मिळून वर्षाला १२,००० आणि सगळ्या रानाला २० सारख्या पाळ्या असतील, तर सोयाबीनच्या दोन पाळ्यांचे १,२०० येतात. उसाचा भार सोयाबीनवर टाकू नका.

एकूण खर्च २६,६२०, उरले ११,६८०. हे ३० गुंठ्यांचे. ३० ने भागून ४० ने गुणा: एकरी साधारण १५,५७० रुपये. सातबाऱ्यावरचं क्षेत्र घेऊ नका, बांध-पाट सोडून पेरलेलंच मोजा.