‘अर्ध्या किलो’चा डबा, ४०८ ग्रॅम मिठाई

वैद्य काका (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. दिवाळीच्या डब्यांचा भाव आलाय. काजू कतली, पेढे आणि बेसन लाडू असा अर्ध्या किलोचा गिफ्ट बॉक्स, एक ४५० रुपयांना. सगळे फ्लॅट, गार्ड, सफाईवाले, माळी धरून साठ डबे. एकूण २७,००० रुपये. नमुन्याचा एक डबा ऑफिसात ठेवलाय. रविवारपर्यंत हो-नाही कळवा.

सप्रे वहिनी: पाहिला. बॉक्स फार सुंदर आहे, आतून मखमल वगैरे. माझा होकार.

दिघे ताई: काका, ऑफिसात शोधू नका, तो डबा माझ्याकडे आहे. फोडला. आधी तोलला, मग फोडला 🙂

वैद्य काका: ताई, निदान विचारायचं तरी!

दिघे ताई: विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. आता ऐका. भरलेला डबा ५५६ ग्रॅम. हातात घेतला की अर्ध्या किलोच्या वरच वाटतो, म्हणून कुणी पुढे विचारत नाही. सगळं काढून रिकामा डबा, आतला ट्रे, पुठ्ठे आणि रिबीन तोलली तर १४८ ग्रॅम. म्हणजे मिठाई ४०८ ग्रॅम.

कर्णिक (बी-१०२): म्हणजे फसवणूकच की.

दिघे ताई: नाही ना, तीच तर गंमत. डब्याच्या खाली बारीक अक्षरात ‘नेट वजन ४०० ग्रॅम’ छापलंय. नेट म्हणजे डबा सोडून आतला माल. उलट आठ ग्रॅम जास्तच दिलेत. ‘अर्धा किलो’ हे फक्त तोंडी बोललं गेलं, कागदावर कुठेच नाही. त्याच लेबलावर १.१३ रुपये प्रति ग्रॅम असंही लिहिलंय. एक किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमचा असतो, म्हणून तो किरकोळ दिसतो. हजाराने गुणा, ११३० रुपये किलो झाला.

सप्रे वहिनी: पण कतली हजाराच्या घरातच मिळते ना हल्ली? मग फार कुठे जास्त झालं?

दिघे ताई: वहिनी, नेमकं इथेच फसायला होतं. डब्यात सगळी कतली नाहीये. त्यात आठ कतल्या, ९६ ग्रॅम. सहा पेढे, १३२ ग्रॅम. आणि चार लाडू, १८० ग्रॅम. सर्वात जड सर्वात स्वस्त वस्तू, आणि कतली वरच्या थरात मांडलेली. त्याच दुकानात सुटे भाव विचारून आले: कतली १०००, पेढे ५६०, बेसन लाडू ४८०. त्या भावाने कतली ९६ रुपयांची, पेढे ७४ चे, लाडू ८६ चे. एकूण २५६. उरलेले १९४ रुपये डबा, रिबीन आणि भरण्याची मजुरी.

कर्णिक (बी-१०२): १९४ चा डबा! त्यात तर सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन दोघांचं पोट भरेल भिया.

वैद्य काका: मग सुटी घेऊन आपणच भरायची?

दिघे ताई: हिशेब केलाय. साठ डब्यांना ४८० कतल्या, ३६० पेढे, २४० लाडू लागतील. थोडी तुटफूट धरून कतली ६ किलो, पेढे सव्वाआठ, लाडू ११. मिठाईचे १५,९०० होतात. सियागंजात साधा पण छापील खणांचा डबा ३८ ला मिळतोय, ६२ घेतले तर २,३५६. बटरपेपर आणि टेप २५०. एकूण १८,५०६. डबा पडला ३०८ ला, मिठाई तेवढीच. साडेआठ हजार वाचतात.

आपटे आजोबा: सुटी म्हटली की दुकानदार पुठ्ठ्याच्या डब्यासकट तोलतो. आमच्या वेळी तर

आपटे आजोबा: माफ करा, अर्धवट गेलं. आमच्या वेळी द्रोणातून मिठाई यायची, द्रोणाचं काय वजन! आता एक किलोचा डबाच ऐंशी-नव्वद ग्रॅमचा.

दिघे ताई: आजोबा अगदी बरोबर, सुट्यात हाच खड्डा आहे. मागच्या राखीला मी एका दुकानातून किलोभर कतली घेतली, घरी डबा रिकामा करून तोलला तर ८६ ग्रॅम. त्यांनी डब्यासकट किलो केला होता. म्हणजे मिठाई ९१४ ग्रॅम आणि पुठ्ठा हजार रुपये किलोने! तोच डबा लाडवाला असता तर ४१ रुपये गेले असते, कतलीला ८६ गेले. महाग मिठाईत पुठ्ठाही महाग होतो.

सप्रे वहिनी: आपण समोर उभे असतो तरी कळत नाही हो. ते झरझर करतात.

दिघे ताई: कळतं. माल घालण्याआधी रिकामा डबा काट्यावर ठेवायला लावायचा, झिरो करायला लावायचं. डबा काट्यावर असताना शून्य दिसलं पाहिजे. आणि ते चुकलं तरी शेवटी एक बघा: तोलून झाल्यावर डबा उचलला की काटा काय दाखवतो? उणे ८६ असं काही दिसलं तर डबा वजा केलेला होता. शून्य दिसलं तर पुठ्ठ्याचे पैसे तुमच्याकडून घेतले. डबा उचलल्या-उचलल्या बघायचं, त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकासाठी बटण दाबायच्या आत.

कर्णिक (बी-१०२): हे भारी आहे. पण ते ‘डब्यासकटच असतं साहेब’ म्हणाले तर?

दिघे ताई: तर म्हणायचं, भाव मिठाईचा लावलाय, डब्याचा नाही. डब्याचे वेगळे दहा-पंधरा रुपये लावा, देतो. बहुतेक जण लगेच ऐकतात, कारण डबा वजनात धरणं नियमात बसत नाही हे त्यांनाही माहीत असतं. नाहीच ऐकलं तर नापतौल विभाग आहे, ग्राहकांची १९१५ ही हेल्पलाइन आहे.

वैद्य काका: ताई, पण साठ डबे भरणार कोण? आणि कतल्या तुटतात.

दिघे ताई: तुटतात, आणि लाडवाखाली ठेवल्या तर पिठूळ होतात. म्हणून कतलीचा खण वेगळा, मध्ये बटरपेपर. आणि पेढे माव्याचे आहेत, तीन-चार दिवसांत वास मारायला लागतात. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लिहिणं २०२० पासून बंधनकारक आहे, ती बघूनच घ्यायचे. पेढे वाटपाच्या आदल्या संध्याकाळी, कतली आणि लाडू दोन दिवस आधी. भरायला चार माणसं, तीन तास. एवढा वेळ नसेल तर तयार डबे घ्या, मी वाद घालणार नाही. फक्त त्यांना सांगा, दर आम्ही ४०० ग्रॅमवर धरतो, ५०० वर नाही. कदाचित भाव खाली येईल.

सप्रे वहिनी: मला मखमल आवडली होती, पण १९४ रुपयांची मखमल नको. मी भरायला येते.

आपटे आजोबा: मी मोजायला बसतो. आठ, सहा, चार. चष्मा आणतो.

कर्णिक (बी-१०२): सियागंजातून डबे मी आणतो. ताई, नमुन्यातलं काही उरलंय का?

दिघे ताई: लाडू दोन. कतल्या संपल्या.

वैद्य काका: म्हणजे आता नमुन्याचा हिशेबही मलाच द्यायचा. बरं, गुरुवारी आठ वाजता क्लबहाउसला या. काटा कोणाच्या घरचा?

दिघे ताई: माझा. आधी एक किलो मिठाचं पाकीट ठेवून तपासते, मग आणते.