मदत हवी आहे: टेक्निकल डेटमुळे घटलेली व्हेलॉसिटी विद्यार्थ्यांना मोजून कशी दाखवायची?

प्रोजेक्ट कोर्ससाठी लायब्ररीचं ॲप आहे: प्रत्येक टीम चौघांची, दोन आठवड्यांचे सहा स्प्रिंट. उशिराच्या दंडाचा हिशोब घाईत परतावा, नूतनीकरण आणि रिपोर्ट अशा तीन ठिकाणी कॉपी-पेस्ट झालाय, टेस्ट नाहीत. ‘सुट्टीच्या दिवशी दंड नको’ एवढा बदलही तिन्हीकडे करावा लागतो. एक जागा राहिली की रिपोर्टमधली रक्कम जुळत नाही आणि पुढच्या स्प्रिंटचा वेळ त्या बगमध्ये जातो.

अडचण अशी की व्हेलॉसिटीचा आलेख सपाटच दिसतो. कोड किचकट झाला की मुलं त्याच आकाराच्या कामाला तीनऐवजी पाच पॉइंट देतात, त्यामुळे घसरण एस्टिमेटमध्येच मुरते. (मुलांची लबाडी नाही, मेहनत खरंच वाढलेली असते.)

पहिल्या स्प्रिंटची एक स्टोरी संदर्भ म्हणून गोठवून पाहिली, पण सरावाने मुलांचा वेग वाढतो, तो परिणाम वेगळा काढता येत नाही. कोणत्या फाइल्स वारंवार बदलतात तेही काढलं:

```
git log --format= --name-only | sort | uniq -c | sort -rn
```

दंडाच्या फाइल्स वर येतात, पण वारंवार बदल म्हणजे डेटच असं नाही.

बगांवर गेलेले तास वेगळे नोंदवलेले आहेत. विकतचं टूल नको, स्प्रिंटही वाढवता येणार नाहीत. अर्ध्या टीम्सना तिसऱ्या स्प्रिंटमध्ये रिफॅक्टरिंग करायला लावून, मग सगळ्यांना दंडाचा एकच नवा नियम दिला आणि लागलेले तास ताडून पाहिले, तर इतक्या कमी टीम्सवर ती तुलना ग्राह्य धरता येईल का? नसेल, तर पॉइंट्सऐवजी नेमकं काय मोजावं?