रात्रपाळीनंतर दिलेल्या रक्तातील ट्रायग्लिसराइड किती ग्राह्य धरावे?

वय ३८, रत्नागिरीत कंट्रोल रूममध्ये बैठी रात्रपाळी. सकाळी आठला, पाळी सुटताच दिलेल्या रक्तात ट्रायग्लिसराइड ४३०, एचडीएल ३४ आले. ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर असल्याने हिशेबाने काढायचे एलडीएल प्रयोगशाळेने दिलेच नाही. मात्र पहाटे तीनला भात-आमटी आणि नंतर गोड चहा झाला होता, म्हणजे उपाशीपोटीचे बारा तास भरलेच नव्हते. साखर व थायरॉइड ठीक आहेत. मद्यपान किंवा कोणतेही औषध नाही. आता जेवण पाळीपूर्वी उरकतो आणि तासातासाला उठून चालतो. औषधाचा निर्णय फेरतपासणीवर असल्याने जाणकारांना विचारतो: नमुना सुट्टीत, रात्रीची झोप घेऊन द्यावा, की पाळीच्या दिवसांतच बारा तास उपाशी राहून?