सो डू आय की सो हॅव आय? तुमचे अनुभव लिहा

स्पोकन इंग्लिशच्या वर्गात काळ पाठ असलेली मंडळीही 'मीही', 'मलाही' म्हणताना हमखास अडतात. समोरचा म्हणतो, 'आय लव्ह मँगोज', आणि 'सो डू आय'ऐवजी उत्तर येतं, 'सो आय ॲम'. तुमच्या कानावर काय काय पडतं? नेमकं वाक्य लिहा.

रात्रपाळी: कॉल सेंटरला असताना आमच्या ट्रेनरची युक्ती होती. समोरच्याचं वाक्य मनातल्या मनात प्रश्नार्थक शेपूट लावून संपवायचं. 'शी वर्क्स लेट, डझन्ट शी?' म्हणजे आत 'डझ' दडलाय. तो उचलायचा, पण 'आय'ला जुळवून: सो डू आय. 'ही वॉज लेट'ला 'सो वेअर वी'. काळ समोरच्याचा, कर्ता आपला. फोनवर विचार करायला वेळ नसतो, तेव्हा हीच कामी आली.

कोकणकन्या: एवढं कशाला? वाक्यात 'नॉट' असेल तर नीदर, नसेल तर सो. संपलं.

शाळामास्तर: अर्धंच बरोबर. 'ही नेव्हर कॉल्स' यात 'नॉट' कुठे आहे? तरी उत्तर 'नीदर डझ शी'च. 'हार्डली'चंही तसंच. माझ्या वर्गात पोरं सगळ्यात जास्त घसरतात ती 'आय'ड'वर. 'आय'ड लाइक सम टी' याला 'सो वुड आय', पण 'आय'ड मेट हर बिफोर' याला 'सो हॅड आय'. ऐकायला दोन्हीकडे नुसता 'ड'. त्याच्या पुढचं क्रियापद ऐकायचं: लाइक मूळ रूपात आहे म्हणून वुड, मेट हे तिसरं रूप म्हणून हॅड. 'आय'ड बेटर गो' मात्र या हिशेबात बसत नाही. तिथे मूळ रूप असूनही हॅडच.

लेस्टरची_आजी: माझी लेक म्हणते, मी टू म्हण आणि मोकळी हो. पण परवा नातवाला म्हटलं, यू हॅव गॉट हळद ऑन युवर शर्ट. तर म्हणतो, 'सो आय हॅव!' हे उलटं कसं चाललं त्याला?

शाळामास्तर: आजी, नातू बरोबर आहे. ते 'मलाही' नव्हे, 'अरेच्चा, खरंच की!' आहे. तिथे कर्ता आधीच येतो.

रात्रपाळी: मास्तर, 'आय हॅव अ कार'ला काय म्हणायचं?

शाळामास्तर: सो डू आय. 'सो हॅव आय' हे जुन्या ब्रिटिश वळणाचं, चूक म्हणवत नाही. 'आय हॅव गॉट' असेल तर सो हॅव आय. आणि 'आय हॅव टू गो'ला पुन्हा डू.

कोकणकन्या: मग पेपरात कारपुढे 'सो हॅव आय' लिहिलं तर गुण देणार की कापणार?

शाळामास्तर: मी देईन. तपासनीस दुसरा असला तर सांगता येत नाही.

लेस्टरची_आजी: आणि ते नीदर की नायदर? लेक एक म्हणते, जावई दुसरं.