मदत हवी आहे: वॉरेन ट्रसच्या खालच्या कॉर्डची इन्फ्लुएन्स लाइन, शिखर जुळंना

गोदाकाठ_नांदेड: ३० मीटर गाळ्याचा वॉरेन ट्रस आहे, उभे मेंबर नाहीत. ५ मीटरचे ६ पॅनेल, उंची ६ मीटर, रस्ता खालच्या कॉर्डच्या पातळीला. डावीकडून १० ते १५ मीटरमधल्या खालच्या मेंबरची इन्फ्लुएन्स लाइन काढायलोय. सेक्शन घेऊन १२.५ मीटरवरच्या वरच्या जॉइंटभोवती मोमेंट घेतला. शिखर १२.५ × १७.५ ÷ (३० × ६) = १.२१५ आलं. सॉफ्टवेअर १५ मीटरवर १.०४ आणि १२.५ वर १.०७ दाखवायलंय. कुठं चुकलं कळंना गेलंय.

परभणी_७७: सूत्र बरोबर आहे. शिखर मोमेंट सेंटरखालीच येतं. सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडं पिन दिला असंल, बघा. मग ताण कमी दिसतो.

पूल_संकल्पन: पिन-पिनमुळं ताण घटतो हे खरं, पण इथं ते कारण नाही. १५ वर भार ठेवून हातानं काढा: डावी रिॲक्शन ०.५, मोमेंट ०.५ × १२.५ = ६.२५, भागिले ६ म्हणजे १.०४२. सॉफ्टवेअरशी जुळलं.

गोदाकाठ, तुमचा भार १२.५ वर ट्रसला टेकतच नाही. तिथं क्रॉस गर्डर नाही. स्ट्रिंगर तो भार १० आणि १५ वरच्या जॉइंटला वाटून देतो. म्हणून आधी या दोन जॉइंटच्याच किमती काढायच्या. १० वर उजवी रिॲक्शन १/३, गुणिले १७.५, भागिले ६ = ०.९७२. मग ०.९७२ आणि १.०४२ सरळ रेषेनं जोडा. त्रिकोणाचं टोक छाटलं जातं, शिखर १५ वर सरकतं. तुमच्या त्रिकोणानं एकट्या चाकाचा ताण सुमारे १७ टक्के जास्त धरला जातो. पूर्ण गाळ्यावर समान भार असेल तर क्षेत्रफळ १८.२३ ऐवजी १७.७१, फरक फक्त ३ टक्के. म्हणून समान भारावर तपासलं की ही चूक लपते.

लातूर_सिव्हिल: सर, आमच्या वॉरेनमध्ये सॉफ्टवेअरही टोकदार त्रिकोणच देतंय. मग आमचं चुकलं का?

पूल_संकल्पन: तुमच्याकडं वरच्या जॉइंटमधून उभे मेंबर खाली आलेत का? त्यांच्या पायाशी क्रॉस गर्डर असेल तर भार मोमेंट सेंटरच्या बरोबर खाली ट्रसला मिळतो. मग त्रिकोण बरोबर.

लातूर_सिव्हिल: हो, आहेत.

गोदाकाठ_नांदेड: सर, पटलं. वरच्या कॉर्डला हा घोळ का आला नाही तेही कळलं, तिथं मोमेंट सेंटर खालच्या जॉइंटवरच आहे. पण सरळ रेषेनं १२.५ वर १.००७ यायला पाहिजे, १.०७ कसं?

पूल_संकल्पन: स्ट्रिंगर मॉडेलमध्ये सलग आहेत का? सलग असले तर पॅनेलच्या मधोमधचा भार जवळच्या दोन क्रॉस गर्डरवर निम्म्यापेक्षा जास्त, साधारण ०.६ प्रत्येकी जातो आणि त्यापलीकडचे उचलले जातात. त्यानं रेषा मधे फुगते. प्रत्येक क्रॉस गर्डरवर स्ट्रिंगरला मोमेंट रिलीज देऊन परत चालवा. १.००७ आलं तर कारण तेच.

परभणी_७७: पण जागेवर स्लॅब सलगच असतो ना? मग डिझाइनला कोणती रेषा धरायची?

गोदाकाठ_नांदेड: रिलीज देऊन उद्या आकडे टाकतो.