मदत हवी आहे : जूनच्या वीजबिलात ४२० युनिट, टप्पे बरोबर लागले आहेत का?

भुसावळकर_गृहिणी : ३ मे रोजी आम्ही लग्नासाठी अमळनेरला असल्यामुळे घर बंद होते आणि त्या महिन्याचे बिल सरासरीने ११० युनिटांचे आले, ते भरले. आता जूनच्या बिलात मागील रीडिंग ८२१४ (३ एप्रिलचे), चालू रीडिंग ८६३४ आणि वापर ४२० युनिट असे छापले आहे. मागच्या बाजूच्या हिशेबात १०० युनिट पहिल्या दराने, २०० दुसऱ्या दराने आणि १२० तिसऱ्या दराने धरले आहेत. हे योग्य आहे का? शिवाय वापर कमी कसा करावा?

अप्पा_चाळीसगाव : ताई, वहन आकार आणि स्थिर आकार दर महिन्याला ठरलेलेच असतात, त्यात काही करता येत नाही. माझ्या शेतपंपाचे बिल तर मीटर न पाहताच येते, त्याचे काय करावे?

निवृत्त_लाइनमन_धुळे : अप्पा, स्थिर आकाराबद्दल आपले बरोबर आहे, पण वहन आकार प्रत्येक युनिटवर लागतो, म्हणून वापर घटला की तोही घटतो. शेतपंपाचा दर आणि नियम वेगळे असल्याने त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा.

ताई, टप्पे महिन्याच्या वापरावर असतात. ४२० युनिट दोन महिन्यांचे असल्यामुळे पहिल्या दराने २०० आणि दुसऱ्या दराने २२० युनिट धरायला हवेत. तिसऱ्या टप्प्याला हात लागायलाच नको. तुमच्याकडे १०० युनिट पहिल्यावरून आणि २० युनिट दुसऱ्यावरून थेट तिसऱ्यात गेले, आणि त्या वाढीव रकमेवर १६ टक्के वीज शुल्कही बसले. दुसरे म्हणजे, मे महिन्यात भरलेल्या ११० युनिटांची रक्कम समायोजनाच्या ओळीत वजा झालेली दिसली पाहिजे. दोन्ही बिले आणि मीटरचा ताजा फोटो जोडून उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या व पोच घ्या.

भुसावळकर_गृहिणी : समायोजनाच्या ओळीत उणे रक्कम आहे, पण ती मेच्या बिलापेक्षा थोडी कमी आहे.

निवृत्त_लाइनमन_धुळे : वजावट करताना स्थिर आकार सोडला असेल, तर तेवढा फरक समजण्यासारखा आहे, तरी अर्जात विचारून घ्या.

केळीवाला_रावेर : वापराचे म्हणाल तर मे महिन्यात आपल्याकडे कूलरच बिल खातो. १८० वॅटचा कूलर चौदा तास चालला की रोज अडीच युनिट, म्हणजे महिन्याला ७५. समोरची खिडकी उघडी नसेल तर दमट हवा खोलीतच साचते, गारवा येत नाही आणि माणूस वेग वाढवत राहतो. आमच्याकडे ती उघडल्यावर मधला वेग पुरू लागला.

निवृत्त_लाइनमन_धुळे : हे पटते. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो आणि बीएलडीसी पंखा ३०च्या आसपास. पण जो पंखा रात्रंदिवस फिरतो तोच आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला नव्हे. तुमचा महिन्याचा वापर सरासरी २१० असल्याने वाचलेले पहिले ११० युनिट दुसऱ्या, महाग दराचे असतील, फायदा तिथेच आहे.

भुसावळकर_गृहिणी : सोमवारी अर्ज देते. पण मेमध्ये घर चार-पाच दिवस बंद असूनही वापर एवढा कसा झाला, हे कळत नाही.

केळीवाला_रावेर : फ्रीज चालू ठेवून गेला होता का?